वंध्यत्वाच्या तपासण्यांनंतर फॅमिली डॉक्टरांना पाठवायचं पत्र: सविस्तर मार्गदर्शन आणि एक पूर्ण नमुना

हर्णै, आंजर्ले, केळशी या पट्ट्यातली एखादी बाई मूल होत नाही म्हणून दापोलीला किंवा चिपळूणला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाते. तपासण्या होतात, औषधं ठरतात, ती गावी परतते. पुढच्या महिन्यात ताप आला, पोटात दुखलं, गणपतीसाठी पाळी पुढे ढकलायची असली, तर ती गाठते गावातल्याच डॉक्टरांना. त्यांच्या हातात तेव्हा काय असतं? बहुतेक वेळा रिपोर्टांची जाड फाइल आणि औषधांची एक चिठ्ठी. बाई पाळीच्या आवर्तनाच्या कुठल्या टप्प्यावर आहे आणि आज कोणतं औषध चालेल, हे त्यातून कळत नाही.

स्त्रीरोगतज्ज्ञांनी फॅमिली डॉक्टरांना लिहिलेलं पत्र ही उणीव भरून काढतं. हा लेख अशी पत्रं लिहिणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी आणि ती हातात पडणाऱ्या गावातल्या डॉक्टरांसाठी आहे. ज्या जोडप्याबद्दल पत्र आहे त्यांनीही वाचायला हरकत नाही. उदाहरण एकच घेतलं आहे आणि ते शेवटपर्यंत नेलं आहे: पीसीओएसमुळे, म्हणजे अंडाशयातून बीज वेळेवर न सुटण्याच्या विकारामुळे, पाळी लांबणारी बाई आणि मासेमारीच्या ट्रॉलरवर काम करणारा नवरा. हे जोडपं नमुन्यासाठी बेतलेलं आहे.

आधी निर्णय, मग रिपोर्ट

संध्याकाळच्या ओपीडीत गावातल्या डॉक्टरांना एका पत्रासाठी जेमतेम मिनिटभर मिळतं. त्यामुळे पहिल्या चार ओळींत निदान, सध्या चालू असलेला उपचार, त्यांच्याकडून काय हवं आहे आणि काय करू नये, एवढं आलंच पाहिजे. इतिहास आणि आकडे त्याखाली. बरीच पत्रं नेमकी उलट लिहिली जातात. लग्नाची तारीख, पाळीचा इतिहास, आठ-दहा तपासण्या, आणि शेवटी ‘उपचार सुरू केले आहेत, कृपया पाठपुरावा करावा’. पाठपुरावा म्हणजे काय करायचं, हे वाचणाऱ्याला सांगितलेलंच नसतं.

पत्र दोन पानांच्या पुढे जाऊ नये. सगळे आकडे उतरवायचं कारण नाही, कारण रिपोर्टांच्या प्रती सोबत जातातच. ज्या आकड्यावरून निर्णय झाला तो लिहावा आणि बाकीचं ‘सामान्य’ या एका शब्दात आटपावं. सामान्य निघालेल्या तपासण्यांची नावं मात्र लिहावीत. नाहीतर दुसरा डॉक्टर त्याच तपासण्या पुन्हा सांगतो आणि खर्च जोडप्याच्या माथी पडतो.

‘किती वर्षं प्रयत्न’ या प्रश्नाचं खरं उत्तर

12 महिने नियमित संबंध असूनही दिवस राहिले नाहीत तर तपासण्या सुरू करायच्या, आणि बाईचं वय 35 किंवा जास्त असेल तर 6 महिन्यांनीच, ही सर्वमान्य मोजपट्टी आहे. कोकणात तिच्यातला ‘नियमित’ हा शब्द फार जपून वापरावा लागतो. नवरा मुंबईला चाकरमानी असेल आणि गणपतीला, शिमग्याला नि मे महिन्यात गावी येत असेल, तर लग्नाला तीन वर्षं झाली म्हणून तीन वर्षं प्रयत्न झाले असं होत नाही. मच्छीमार घरांतही हेच दिसतं. बोट आठ-दहा दिवसांनी बंदरात येते, एक-दोन दिवसांत माल उतरवून बर्फ-डिझेल भरते आणि परत निघते.

म्हणून पत्रात लग्नाचं वर्ष लिहून थांबू नये. गेल्या 12 महिन्यांत दोघं किती महिने एकत्र होते आणि त्या काळात पाळी किती वेळा आली, हे विचारून लिहावं. आपल्या उदाहरणातल्या बाईची पाळी 45 ते 60 दिवसांनी येते. म्हणजे वर्षाला फार तर सहा ते आठ आवर्तनं, आणि त्यातल्या काहींत स्त्रीबीज सुटतच नसणार. उरलेल्यांपैकी योग्य दिवशी नवरा किनाऱ्यावर होता असं वर्षातून एखाद-दोनदाच घडलं असेल. एवढा हिशेब मांडला की ‘तीन वर्षांचं वंध्यत्व’ या शब्दांमागचा धसका कमी होतो आणि उपचाराची वेळ कधी धरायची हेही आपोआप ठरतं. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी असते. हे दोन महिने नवरा घरी असतो, आणि बीज सुटण्यासाठीच्या गोळ्यांची आवर्तनं बसवायला याहून चांगला काळ वर्षभरात मिळत नाही.

तपासणीसोबत पाळीचा दिवस

तपासणी पाळीच्या कितव्या दिवशी झाली हे लिहिलं नसेल तर निम्मे रिपोर्ट वाचताच येत नाहीत. सगळ्यात जास्त घोळ होतो तो बीज सुटल्यावर वाढणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचा. ‘एकविसाव्या दिवसाचं प्रोजेस्टेरॉन’ हे नाव रूढ असलं तरी ते 28 दिवसांच्या पाळीला लागू आहे. ही तपासणी पुढच्या पाळीच्या साधारण सात दिवस आधी व्हायला हवी. 50 दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचं रक्त एकविसाव्या दिवशी घेतलं तर आकडा कमीच येणार. त्यावरून ‘बीज सुटलं नाही’ म्हणणं चूक आहे, कारण ते पस्तिसाव्या-छत्तिसाव्या दिवशी सुटायचं असू शकतं. आकडा 3 नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटरच्या वर असला की बीज सुटलं असं धरतात.

एफएसएच आणि एलएच ही अंडाशयाला चालना देणारी संप्रेरकं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बघतात. नळ्यांचा एक्स-रे, म्हणजे एचएसजी, रक्तस्राव थांबल्यावर आणि बीज सुटण्याआधी, साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसात करतात. थायरॉइडसाठीची टीएसएच आणि अंडाशयातला बीजांचा साठा दाखवणारी एएमएच कोणत्याही दिवशी चालतात.

पहिला दिवस कोणता धरला, हेही पत्रात एका ओळीत लिहावं. पॅड घ्यावं लागेल इतका लाल स्राव सुरू झाला तो पहिला दिवस. आदल्या दिवसाचे तपकिरी डाग मोजायचे नाहीत. चौथ्या दिवशीच्या न्हाण्यापासून मोजणाऱ्याही बायका असतात. तो फरक लक्षात आला नाही तर गोळ्या तीन दिवस उशिरा सुरू होतात आणि सोनोग्राफीची तारीखही हुकते.

नवऱ्याचा रिपोर्ट

वीर्यतपासणीच्या रिपोर्टखाली छापलेल्या मर्यादा प्रयोगशाळेप्रमाणे बदलतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या आवृत्तीनुसार खालच्या मर्यादा अशा आहेत: प्रमाण 1.4 मिलिलीटर, शुक्राणू दर मिलिलीटरला 16 दशलक्ष, पुढे सरकणारे 30 टक्के, सामान्य आकाराचे 4 टक्के. यातला एखादा आकडा खाली असला म्हणजे मूल होणारच नाही असा अर्थ नाही. ज्यांच्या जोडीदारांना वर्षभरात दिवस राहिले अशा पुरुषांपैकी तळाच्या 5 टक्क्यांची ती रेषा आहे.

एका नमुन्यावर शिक्का मारू नये. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे आजच्या नमुन्यात अडीच-तीन महिन्यांपूर्वीचा ताप दिसतो. ट्रॉलरच्या इंजिनाजवळ तासन्‌तास काम करणाऱ्याच्या बाबतीत उष्णतेचाही विचार करायला हवा. पहिला नमुना कमी आला तर साधारण तीन महिन्यांनी दुसरा घ्यावा. पत्रात दोन्हींच्या तारखा, नमुन्याआधी किती दिवस संबंध नव्हता (2 ते 7 दिवस हवेत), आणि मधल्या काळात ताप किंवा आजार झाला होता का, एवढं लिहावं.

गावातून नमुना नेताना काय बिघडतं तेही सांगून ठेवावं. घरी घेतलेला नमुना तासाभरात, शक्यतो अर्ध्या तासात, अंगाच्या उबेत प्रयोगशाळेत पोचायला हवा. बर्फात किंवा फ्रिजमध्ये ठेवलेला, साध्या निरोधात घेतलेला, किंवा सुरुवातीचा भाग सांडलेला नमुना धरू नये. एसटीने तासाहून जास्त प्रवास होणार असेल तर प्रयोगशाळेतच नमुना द्यायला सांगणं बरं.

फॅमिली डॉक्टरांसाठी इथे एक ओळ ठळक अक्षरांत हवी: टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन किंवा जेल देऊ नये. अशक्तपणासाठी किंवा ‘ताकद यावी’ म्हणून दिलेल्या टेस्टोस्टेरॉनमुळे मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेश थांबतो आणि शुक्राणू शून्यापर्यंत उतरू शकतात. बंद केल्यावरही ते परत यायला कित्येक महिने जातात.

पाकीट कोण उघडतं

गावात पत्र बऱ्याचदा सासू, दीर किंवा शेजारच्या मुलाच्या हातून जातं. म्हणून पाकीट चिकटवून द्यावं आणि वर डॉक्टरांचं नाव लिहावं. नवऱ्याचा रिपोर्ट बायकोच्या पत्रात घालायचा तर त्याची संमती घ्यावी आणि ‘संमतीने’ हा शब्द पत्रात लिहावा. नवऱ्याने नकार दिला तर त्याचं पत्र वेगळं करावं. बाईने पूर्वी गर्भपात करून घेतला असेल आणि आताच्या उपचारासाठी ते कळणं गरजेचं नसेल, तर ते लिहू नये. गर्भपात कायद्यात 2021 साली झालेल्या दुरुस्तीने तिची ओळख आणि माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक केलं आहे. गरज असेल तर तिला विचारावं आणि ती हो म्हणाली तरच लिहावं.

नमुना पत्र

पत्राची तारीख 2 जून. पाळी 1 जूनला सुरू झाली आहे, त्यामुळे योजनेतल्या सगळ्या तारखा खऱ्या देता येतात. ‘दिवस 3, दिवस 11’ एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला प्रत्येक वेळी बोटं मोजावी लागतात.

> दिनांक 2 जून
>
> माननीय डॉक्टर,
> सप्रेम नमस्कार.
>
> विषय: सौ. क्ष, वय 28, आणि पती, वय 33. वंध्यत्वाच्या तपासण्यांचा निष्कर्ष आणि उपचाराची योजना. पतीची माहिती त्यांच्या संमतीने दिली आहे.
>
> निष्कर्ष: पीसीओएसमुळे स्त्रीबीज अनियमित सुटते. दोन्ही नळ्या मोकळ्या आहेत. पतीचा दुसरा वीर्य रिपोर्ट मर्यादेत आहे. थायरॉइड औषधाने आटोक्यात आहे.
>
> उपचार: लेट्रोझोल 2.5 मिग्रॅ. रोज एक, 3 ते 7 जून.
>
> आपल्याकडून विनंती: (1) सोनोग्राफीनंतर आम्ही फोनवर कळवू त्या वेळी एचसीजी 5000 युनिटचे इंजेक्शन द्यावे. (2) 22 जूनला प्रोजेस्टेरॉनसाठी रक्त पाठवावे. (3) इंजेक्शननंतर 16 दिवसांनी, पाळी आली नसल्यास, लघवीची गर्भतपासणी करावी. (4) वजन आणि रक्तदाब महिन्यातून एकदा पाहावा.
>
> कृपया देऊ नये: पाळी पुढे ढकलण्याच्या किंवा आणण्याच्या गोळ्या. 11 जूनपासून बीज सुटेपर्यंत डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक अॅसिड. पतीला टेस्टोस्टेरॉन.
>
> इतिहास: लग्नाला 3 वर्षे. पती ट्रॉलरवर इंजिन सांभाळतात. गेल्या 12 महिन्यांत सलग सहवास फक्त मागील जून-जुलैत, एरवी फेऱ्यांमधले एक-दोन दिवस. पाळी 45 ते 60 दिवसांनी, चालू पाळीचा पहिला दिवस 1 जून. पूर्वी दिवस राहिलेले नाहीत. पोटाची शस्त्रक्रिया किंवा क्षयाचा इतिहास नाही. मिश्री लावण्याची सवय आहे, सोडण्यास सांगितले आहे.
>
> तपासणी: उंची 154 सेंमी, वजन 66 किलो, बीएमआय 27.8. रक्तदाब 118/76. हनुवटीवर जाड केस.
>
> निर्णयास लागलेले आकडे: सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांत 20 हून अधिक लहान पुटिका, गर्भाशय सामान्य. टीएसएच फेब्रुवारीत 6.8, लेव्होथायरॉक्सिन 50 मायक्रोग्रॅम सुरू केल्यावर एप्रिलमध्ये 2.1. 75 ग्रॅम ग्लुकोजनंतर दोन तासांची साखर 148. हिमोग्लोबिन 10.4. एचएसजी (दिवस 8): दोन्ही बाजूंनी औषध पोटात सांडले. प्रोलॅक्टिन आणि एफएसएच सामान्य. रुबेलाची प्रतिकारशक्ती आहे. एचआयव्ही, कावीळ बी आणि व्हीडीआरएल दोघांचे निगेटिव्ह.
>
> पतीची वीर्यतपासणी: फेब्रुवारी (पाच आठवडे आधी ताप): 2.2 मिली, 11 दशलक्ष प्रति मिली, पुढे सरकणारे 24 टक्के. मे: 2.4 मिली, 19 दशलक्ष प्रति मिली, पुढे सरकणारे 33 टक्के.
>
> चालू औषधे: लेव्होथायरॉक्सिन 50 मायक्रोग्रॅम पहाटे उपाशीपोटी. मेटफॉर्मिन 500 मिग्रॅ. दोन वेळा जेवणानंतर. फॉलिक अॅसिड रोज. लोहाची गोळी रात्री.
>
> पुढील योजना: 11 जूनला आमच्याकडे सोनोग्राफी. पुटिका 18 ते 20 मिमी झाली की एचसीजी. त्या रात्रीपासून पुढील दोन दिवस रोज संबंध ठेवण्यास सांगितले आहे. 14 मिमीपेक्षा मोठ्या तीन किंवा अधिक पुटिका दिसल्यास हे आवर्तन सोडून देऊ आणि तसे कळवू. बीज सुटले नाही तर पुढील आवर्तनात लेट्रोझोल 5 मिग्रॅ.
>
> तातडीने पाठवावे: गर्भतपासणी पॉझिटिव्ह असून पोटात एका बाजूला दुखणे, चक्कर, खांद्यात दुखणे किंवा रक्तस्राव.
>
> आपला,
> (सही, नोंदणी क्रमांक, रात्री लागणारा फोन क्रमांक)

आता या पत्रातल्या ज्या ओळींवरून प्रत्यक्षात गोंधळ होतात, त्या पाहू.

लेट्रोझोल, आणि औषधाच्या दुकानातली भीती

बीज सुटावं म्हणून दिलेल्या या गोळीच्या पाकिटातल्या कागदावर स्तनाच्या कर्करोगाचा उल्लेख असतो. बाई तो वाचते किंवा दुकानदार बोलून दाखवतो, आणि गोळ्या तशाच परत येतात. भारतात वंध्यत्वासाठी लेट्रोझोल वापरण्यावर 2011 साली बंदी आली होती. ती 2017 मध्ये उठली, पण त्या आठवणीमुळे काही जुन्या डॉक्टरांच्या मनात अजून शंका असते. म्हणून पीसीओएससाठी ही आज पहिली निवड आहे असं पत्रात किंवा फोनवर स्पष्ट सांगावं. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या 750 बायकांच्या अमेरिकी अभ्यासात लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी 27.5 टक्के बायकांना मूल झालं. याच कामासाठीची दुसरी गोळी, क्लोमिफेन, घेणाऱ्यांत हे प्रमाण 19.1 टक्के होतं. गोळी पाचच दिवस असते आणि तिचं प्रमाण रक्तात सुमारे दोन दिवसांत निम्म्यावर येतं. त्यामुळे बीज सुटून गर्भ रुजेपर्यंत ती शरीरातून जवळपास गेलेली असते.

धोका आहे तो आधीच दिवस राहिलेले असताना गोळी घेण्याचा. पाळी दोन महिने आलेली नाही, मग ‘पाळी आणायच्या’ गोळ्या दिल्या, थोडं अंगावर गेलं, त्यालाच पाळी समजून लेट्रोझोल सुरू केलं, असं घडू शकतं. म्हणून पाळी आणणाऱ्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देण्याआधी गर्भतपासणी करायची. नेहमीपेक्षा कमी किंवा नुसते डाग दिसले तर लेट्रोझोलच्या आधी ती पुन्हा करायची.

गणपतीच्या तोंडावर नोरएथिस्टेरॉन

श्रावण सरत आला की गावातल्या दवाखान्यात पाळी पुढे ढकलणाऱ्या नोरएथिस्टेरॉनच्या गोळ्या मागायला रांग लागते. घरात गणपती बसणार, सोवळ्यात नैवेद्य करायचा, मग बाई तरी काय करणार? एरवी या गोळ्या देण्यात गैर नाही. उपचार चालू असलेल्या बाईला मात्र त्या दोन कारणांनी देता येत नाहीत. आवर्तनाचा हिशेब कोलमडतो हे एक. दुसरं महत्त्वाचं: गोळ्या मागायला ती येते ते पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन-चार दिवस आधी, म्हणजे दिवस राहिले असतील तर गर्भ नुकताच रुजत असतो. तेव्हा लघवीची तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, आणि गोळ्या चालू असल्यामुळे पाळी चुकल्याचंही कळत नाही.

यावर उपाय आधीच करायचा असतो. ज्या आवर्तनाची अपेक्षित पाळी सणात येणार असेल त्याबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांनी दोन महिने आधी जोडप्याशी बोलावं आणि ते आवर्तन उपचाराचं ठेवायचं की सोडायचं हे ठरवून पत्रात लिहावं. सोडायचं ठरलं तर गावातल्या डॉक्टरांना गोळ्या निर्धास्त देता येतात.

वेदनाशामकं आणि पावसाळ्यातला ताप

पुटिका, म्हणजे बीज जिच्यात वाढतं ती अंडाशयातली पिशवी, फुटून बीज बाहेर यायला प्रोस्टाग्लँडिन लागतं. डायक्लोफेनॅकसारखी औषधं तेच अडवतात. कंबर दुखते म्हणून त्या दोन-तीन दिवसांत असं इंजेक्शन दिलं, तर पुटिका वाढूनही न फुटण्याची शक्यता असते. एरवी चोख गेलेलं आवर्तन मग वाया जातं आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. या दिवसांत पॅरासिटामॉल चालतं.

जून-जुलैत लावणी चालू असते आणि लेप्टोच्या प्रतिबंधासाठी डॉक्सीसायक्लिन दिलं जातं. बीज सुटून गेल्यावरच्या दोन आठवड्यांत बाई गरोदर असू शकते असं धरूनच औषध निवडावं आणि डॉक्सीसायक्लिन टाळावं. खरोखर लेप्टोचा संशय आला तर उपचार एक दिवसही लांबवू नयेत. अमॉक्सिसिलिन किंवा अझिथ्रोमायसिनसारखे गर्भावस्थेत चालणारे पर्याय आहेत, आणि आजार जोरात असेल तर तिला दाखलच करावं.

थायरॉइडची गोळी, लोह आणि चहा

टीएसएच आटोक्यात येऊन पुन्हा वाढला, तर डोस वाढवण्याआधी गोळी कशी घेतली जाते ते विचारावं. ती पाण्यासोबत उपाशीपोटी घ्यायची आणि नंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. लोह आणि कॅल्शियम यांच्यात आणि तिच्यात चार तासांचं अंतर हवं. नमुन्यात लोह रात्री लिहिलं आहे ते यासाठीच. दमट हवा या गोळीला मानवत नाही. पावसाळ्यात बाटलीचं झाकण सैल राहिलं किंवा गोळ्या काढून साध्या डबीत ठेवल्या तर त्यांचा जोर कमी होतो. किनाऱ्यावरच्या घरांत ही गोष्ट आवर्जून सांगावी.

दिवस राहिले की लगेच डोस वाढवावा लागतो. रोजची एक गोळी तशीच ठेवून आठवड्यातून दोन दिवस दुप्पट घ्यायची, म्हणजे सातच्या जागी नऊ गोळ्या होतात. मग चार आठवड्यांनी टीएसएच. एवढं गावातल्या डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितलं तर भेटीची वाट पाहण्यात आठवडे जात नाहीत.

एचसीजीचं इंजेक्शन आणि फसवी पॉझिटिव्ह

समजा 11 जूनला पुटिका 14 मिमीची दिसली. ती रोज साधारण 2 मिमी वाढते, म्हणजे 13 जूनला 18 मिमीच्या आसपास पोचेल. त्या दिवशी पुन्हा सोनोग्राफी करून संध्याकाळी इंजेक्शन द्यायचं. त्यानंतर सुमारे 36 ते 40 तासांनी, म्हणजे 15 जूनच्या सकाळी, बीज सुटेल. इंजेक्शन गावात मिळालं तर बाईचा पावसातला रात्रीचा प्रवास वाचतो, पण ते ठेवायचं कुठे ते आधी बघावं लागतं. साठवणीचं तापमान उत्पादनाप्रमाणे बदलतं. ते वेष्टनावरून पाहून फोनवर सांगावं, कारण पावसात वीज गेली की फ्रिजवर विसंबता येत नाही.

या इंजेक्शनात गर्भतपासणीची पट्टी ओळखते तेच संप्रेरक असतं. ते शरीरातून पूर्ण जायला दहा ते चौदा दिवस लागतात. आठव्या दिवशी उत्सुकतेपोटी पट्टी लावली तर दोन रेघा उमटतात, घरात पेढे वाटले जातात, आणि आठवड्याभरात पाळी येते. त्या घरातला हा धक्का सहज टाळता येण्यासारखा असतो. 13 जूनला इंजेक्शन झालं असेल तर पट्टी 29 जूनच्या आधी लावू नये, आणि ही तारीख बाईच्या फाइलवरही मोठ्या अक्षरांत लिहावी.

29 जूनला पट्टी पॉझिटिव्ह आली तर गावातल्या डॉक्टरांनी त्याच दिवशी फोन करावा आणि थायरॉइडचा डोस वाढवावा. फॉलिक अॅसिड आणि मेटफॉर्मिन चालू ठेवावं आणि पहिली सोनोग्राफी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ठेवावी, तेव्हा सात आठवडे होत आलेले असतात. गर्भ नळीत राहिल्याचा धोका नळ्या मोकळ्या असल्या तरी पूर्ण जात नाही, म्हणून पोटात दुखलं किंवा चक्कर आली तर सोनोग्राफीच्या तारखेपर्यंत थांबू नये. पट्टी निगेटिव्ह आली आणि पाळीही आली नाही, तर तीन दिवसांनी पट्टी पुन्हा लावावी.

आवर्तनं मोजायची कशी

लेट्रोझोलची सहा आवर्तनं हा साधारण टप्पा मानतात. त्यानंतर योजना बदलायची, म्हणजे नोंदणीकृत केंद्रात आययूआय, ज्यात वीर्य थेट गर्भाशयात सोडतात, किंवा पुढचे उपचार. पण मोजायचं ते कोणतं आवर्तन? ज्यात बीज सुटल्याचं प्रोजेस्टेरॉनवरून दिसलं आणि त्या दिवसांत नवरा घरी होता, तेवढंच. जून-जुलैची दोन आवर्तनं झाली, ऑगस्टपासून बोटी सुटल्या आणि बाई एकटीच महिनोन्‌महिने गोळ्या घेत राहिली, तर फाइलवर ‘सहा आवर्तनं निष्फळ’ अशी नोंद होते आणि जोडप्याला कारण नसताना पुढच्या खर्चिक उपचाराकडे ढकललं जातं. म्हणून पत्राच्या मागे चार रकान्यांचा छोटा तक्ता छापून द्यावा: पाळीची तारीख, गोळीचा डोस, प्रोजेस्टेरॉन, नवरा घरी होता का. गावातले डॉक्टर तो भरतात आणि दर तीन महिन्यांनी त्याचा फोटो पाठवतात.

बंदी उठल्यावर नवरा फेरीवर जाणार असेल तर दोनच मार्ग राहतात. त्या महिन्यात एक फेरी चुकवायची, किंवा उपचार थांबवून वजन, साखर आणि हिमोग्लोबिन यांवर काम करायचं. वजन 5 टक्के उतरलं, म्हणजे या बाईचं 66 चं 62-63 किलो झालं, तरी काहींची पाळी आपोआप नियमित होऊ लागते. हे काम गावातले डॉक्टर तालुक्याच्या डॉक्टरांपेक्षा चांगलं करू शकतात. वजनकाटा त्यांच्याकडे आहे, आणि घरात भात किती शिजतो हेही त्यांना माहीत असतं.

पत्र पाठवल्यावर दोन दिवसांत फोन करून ते मिळालं का आणि 22 जूनला रक्त कोण घेणार, एवढं विचारून घ्यावं. गावात प्रयोगशाळेचा माणूस ठरावीक वारीच येत असेल तर तारीख एखादा दिवस पुढेमागे केली तरी चालते, फक्त बदललेली तारीख दोन्ही डॉक्टरांच्या आणि बाईच्या कागदावर एकच असावी.